इन्सुलिन घेणाऱ्या वडिलांचे पहाटेचे डोके दुखणे : साखर उतरल्यामुळे की आणखी कशामुळे?

पळसफूल (५ मार्च, रात्री ९.४०)

नमस्कार. माझे वडील ६८ वर्षांचे असून आम्ही नागपूरला मनीषनगरात राहतो. बाबांना मधुमेह होऊन १६ वर्षे झाली आणि गेली ४ वर्षे ते ३०/७० हे मिश्र इन्सुलिन दोन वेळा घेतात : सकाळी २२ युनिट आणि रात्री आठच्या जेवणाआधी १६ युनिट. जानेवारीपासून त्यांना पहाटे साडेपाचला जाग येते तीच डोके दुखत असताना. दुखणे ठणक्याचे नसते. कपाळावर आणि मानेच्या वर जडपणा असतो, आणि चहा झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते बहुतेक ओसरते. आईच्या म्हणण्यानुसार काही रात्री त्यांची बनियन पाठीला चिकटेल इतकी ओली होते आणि ते झोपेत बडबडतात.

सकाळी उपाशीपोटी घरच्या मीटरवर साखर ९५ ते १४० च्या दरम्यान येते, एकदाच १८२ आली होती. एचबीए१सी ६.४ आहे आणि त्यावर सगळे खूश आहेत. जवळच्या दवाखान्यात डोकेदुखीबद्दल सांगितल्यावर अर्धशिशी असेल असे म्हणून एक गोळी रोज घ्यायला दिली, तिला आता तीन आठवडे होतील. सकाळी साखर कमी आलेली एकदाही दिसली नाही, म्हणून साखरेचा संबंध नाही असे आम्हाला सांगण्यात आले. हे बरोबर आहे का?

खामल्याचा रहिवासी (५ मार्च, रात्री १०.१५)

मला मधुमेह नाही, पण एकादशीला आणि चतुर्थीला दुपारनंतर माझे डोके हमखास दुखते. साखर कमी होत असणार, याबद्दल मला शंका नाही. माझ्या मते बाबांना झोपण्यापूर्वी दोन खजूर द्यावेत, मी उपवासाला तेच करतो आणि बरे वाटते.

हिशेबनीस (५ मार्च, रात्री १०.५०)

मी निवृत्त लेखापाल असून ११ वर्षे इन्सुलिनवर आहे, त्यामुळे आकड्यांची सवय आहे. ज्या दिवशी सकाळी १८२ आली त्या रात्री साखर नक्की उतरली होती. रात्री साखर फार खाली गेली की यकृत घाबरून साठवलेली साखर सोडते आणि सकाळी आकडा चढलेला दिसतो. उलट ज्या दिवशी सकाळी ११० येते त्या दिवशी रात्रही ठीकच गेली असे समजा आणि डोकेदुखीसाठी रक्तदाब तपासा, कारण सकाळचे डोके दुखणे हे बहुधा बीपीचेच असते. रात्रीचे इन्सुलिन उद्यापासून चार युनिटने उतरवून बघायला हरकत नाही.

तिसरा प्रहर (५ मार्च, रात्री ११.३०)

मी फिजिशियन आहे. धाग्यावर कोणाचाही डोस ठरवणार नाही आणि इतरांनीही तो सुचवू नये अशी विनंती आहे. पण निदानाची वाट कशी शोधायची हे सांगता येईल.

पळसफूल, तुम्हाला मिळालेले उत्तर बरोबर नाही. सकाळचा आकडा सकाळचीच साखर सांगतो. ३०/७० मध्ये ७० टक्के भाग मंद चालणाऱ्या इन्सुलिनचा असतो आणि त्याचा जोर टोचल्यापासून साधारण चार ते दहा तासांच्या टप्प्यात असतो. रात्री आठला घेतलेल्या डोसाचा हा टप्पा बारापासून पहाटे सहापर्यंत येतो, म्हणजे पोटात नवे अन्न जात नाही नेमक्या त्या वेळी. साखर दोन-तीनच्या सुमारास ५५ पर्यंत उतरू शकते आणि पहाटेच्या संप्रेरकांमुळे, डोसाचा जोर ओसरल्यामुळे सहापर्यंत परत ११० वर येऊ शकते. डोके मात्र त्यानंतरही काही तास जड राहते. साखर कमी पडली की मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह वाढतो, आणि डोके दुखण्यामागे त्याचा हात असावा असे मानले जाते. साखर भरून आल्याबरोबर दुखणे थांबेलच असे नाही. त्यामुळे साडेपाचला डोके दुखत असताना मीटरवर चांगला आकडा येणे आणि रात्री साखर उतरलेली असणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आईंनी सांगितलेली ओली बनियन आणि बडबड मला डोकेदुखीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. डोके दुखण्याची कारणे पन्नास असतात. इन्सुलिनवर असलेल्या माणसाचे घामाघूम होणे, वाईट स्वप्ने पडणे आणि सकाळी थकलेले उठणे हे तिन्ही एकत्र आले की आधी साखर मोजावी.

दोन गोष्टी कळवा. रोज घ्यायला दिलेल्या गोळीचे नाव काय? आणि जानेवारीत बाबांच्या दिनक्रमात काय बदलले?

पळसफूल (६ मार्च, सकाळी ७.१०)

गोळी प्रोप्रॅनोलॉल आहे, दिवसातून दोन वेळा.

जानेवारीबद्दल आईला विचारले. बाबा आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी जुन्या सहकाऱ्यांबरोबर फुटाळ्याला फिरायला जाऊ लागले आहेत, जवळपास पाऊण तास चालतात. त्याच सुमारास त्यांनी रात्रीचे जेवणही हलके केले. आधी दोन भाकरी, वरण आणि थोडा भात असे. आता एक भाकरी, भाजी आणि ताक. वजन दोन किलो उतरले म्हणून ते आनंदात आहेत. इन्सुलिन मात्र तेवढेच आहे.

तिसरा प्रहर (६ मार्च, दुपारी २.२०)

मग साखर उतरायला कारण शोधावेच लागत नाही. भात आणि एक भाकरी कमी झाली, म्हणजे त्याच १६ युनिटांना अन्न कमी मिळू लागले. फिरण्याचा परिणामही घरी परतल्यावर संपत नाही. पायांचे स्नायू चालताना वापरलेला साठा पुढे कित्येक तास रक्तातून भरून काढतात, त्यामुळे संध्याकाळी सातचे चालणे रात्री दोनच्या साखरेत दिसते. शिवाय गाढ झोपेत साखर उतरली तर शरीराची धोक्याची घंटा जागेपणीपेक्षा मंद वाजते, म्हणून अनेकांना जाग येतच नाही.

प्रोप्रॅनोलॉलबद्दल ज्यांनी ती दिली त्यांच्याशी आजच बोला. अर्धशिशी टाळण्यासाठी ते चांगले आणि जुने औषध आहे, पण साखर उतरल्यावर हात कापणे आणि छातीत धडधडणे ही जी पहिली सूचना मिळते ती ते दाबून टाकते, आणि उतरलेली साखर परत वर यायलाही त्याने उशीर होऊ शकतो. घाम मात्र ते थांबवत नाही. बाबांच्या बाबतीत घाम दिसतो आणि जाग येत नाही, हे त्याच्याशी जुळते. तरी गोळी स्वतः एकदम बंद करू नका. या गटातील औषधे अचानक थांबवणे हृदयविकार असलेल्यांना फार बाधू शकते, म्हणून ती कशी उतरवायची ते डॉक्टरांनीच सांगावे.

आता मोजणी. रात्री झोपताना, पहाटे अडीच-तीनला आणि उठल्यावर चहापूर्वी, अशी तीन वेळा साखर बघा. फिरायला गेलेली एक रात्र आणि न गेलेली एक रात्र तरी त्यात असावी, नाहीतर तुलना होत नाही. समोर फक्त आकडा लिहू नका. डोके दुखले का, घाम होता का आणि शेवटचा चहा किती वाजता झाला हेही लिहा.

हिशेबनीस (६ मार्च, दुपारी ४.०५)

डॉक्टर, सकाळच्या ११० बद्दल आपण सांगितले ते पटले. पण १८२ बद्दल आपण गप्प राहिलात. माझ्या स्वतःच्या वहीत रात्री ३ ला ५२ आणि सकाळी २४० असे आकडे आहेत. त्याला यकृताची प्रतिक्रियाच म्हणायचे ना?

तिसरा प्रहर (६ मार्च, संध्याकाळी ६.३०)

ही कल्पना मायकल सोमोजी यांनी १९३० च्या दशकात मांडली आणि ती अजून शिकवली जाते. शरीर प्रतिकार करते एवढे त्यात खरे आहे. पण रात्रभर साखर टिपणारे सेन्सर आल्यावर असे दिसले, की रात्री साखर उतरलेल्यांची सकाळची साखर सहसा कमीच्या बाजूला असते आणि सकाळी चढलेली असण्यामागे बहुतेक वेळा पहाटेची संप्रेरके किंवा रात्रीचा डोस अपुरा पडणे असते. म्हणून १८२ बघून इन्सुलिन कमी करणे हा जुगार आहे. खरे कारण डोस अपुरा पडणे हे असेल तर उलटेच होईल.

तुमच्या २४० बद्दल मला एकच विचारायचे आहे : ५२ दिसल्यावर तुम्ही काय खाल्ले होते?

हिशेबनीस (६ मार्च, संध्याकाळी ७.१५)

चार संत्रा बर्फ्या आणि दूध. पण घाबरलेल्या माणसाने मोजून खायचे काय? माझा समज असा आहे, की बर्फीचा वाटा असेल, तरी सगळे २४० बर्फीचे नाहीत.

पंप आणि पेन (६ मार्च, रात्री ८.४५)

हिशेबनीस काका, हे माझेही कॉलेजात असताना नेहमी व्हायचे. मला नवव्या वर्षापासून टाइप १ आहे. बर्फीत खवा असतो, त्यातील तुपामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो, मग पंधरा मिनिटांनी बरे वाटत नाही म्हणून माणूस आणखी खातो आणि पहाटे सगळे एकदम चढते. मी उशाशी ग्लुकोजची पूड आणि पाण्याची बाटली ठेवते. तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज म्हणजे साधारण १५ ग्रॅम होते. ते पाण्यात ढवळून प्यायचे, १५ मिनिटे घड्याळ बघत थांबायचे आणि परत मोजायचे. तरीही ७० च्या खाली असेल तर तेवढेच पुन्हा. आकडा वर आला आणि पुढच्या खाण्याला बराच वेळ असेल तर एखादी पोळी किंवा थोडे दूध. ही पंधरा मिनिटे फार लांब वाटतात, एवढीच त्यातील अडचण.

पळसफूल ताई, मोजण्यापूर्वी बाबांना हात साबणाने धुऊन कोरडे करायला सांगा. सध्या घरोघरी संत्री आहेत. संत्रे सोलून तशाच बोटाला टोचले तर बोटावरच्या रसामुळे मीटर खोटा चढलेला आकडा दाखवतो आणि खरी उतरलेली साखर त्याखाली लपते.

शिवाय माझा अनुभव असा, की जागेपणी साखर उतरू लागली तर आधी भूक, घाम आणि ओठांना मुंग्या येतात, डोके नंतर दुखते. फक्त डोके दुखत असेल आणि बाकी काहीच नसेल, तर मी मोजते, पण बहुतेक वेळा आकडा चांगलाच निघतो.

वर्धा रोड (७ मार्च, सकाळी ११.३०)

माझे यजमान इन्सुलिनवर आहेत आणि दिवसभर बांधकामाच्या जागेवर असतात. गेल्या मे महिन्यात त्यांचे डोके रोज दुपारी चारला दुखे. साखर कमी झाली असे समजून ते प्रत्येक वेळी शीतपेय पीत. शेवटी त्यांनी मोजली तेव्हा ३१० निघाली. डॉक्टरांनी सांगितले की पाणी कमी पडते आहे आणि साखर चढल्यामुळे लघवीवाटे ते आणखी जाते आहे. शिवाय इन्सुलिनचे पेन दुचाकीच्या डिकीत राहत होते, त्यामुळे औषध उन्हात खराब झालेले असू शकते. नवे पेन थंड पिशवीत ठेवायला लागल्यापासून आणि पाण्याची मोठी बाटली जवळ बाळगल्यापासून त्यांचे डोके दुखलेले नाही.

हे बाबांच्या दुखण्यासारखे नाही हे मला समजते, पण डोके दुखले की गोड घ्यायचे हा नियम आमच्या घरी उलटा पडला, एवढे सांगावेसे वाटले.

तिसरा प्रहर (७ मार्च, दुपारी १.५०)

वर्धा रोड यांचे उदाहरण विषयाला धरूनच आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात साखर दोन्हीकडे जाऊ शकते : उन्हात तापलेल्या त्वचेखाली रक्त जास्त फिरते आणि इन्सुलिन लवकर शोषले जाते, तर उन्हात खराब झालेले इन्सुलिन काम करत नाही. डोके दोन्हीकडे दुखते. म्हणून मोजणे शक्य असेल तर आधी मोजावे. मीटर जवळ नसेल आणि घाम, थरथर, गोंधळलेपणा असेल तर मात्र मोजणीची वाट न पाहता साखर द्यावी, कारण चुकून दिलेल्या तीन चमच्यांचे नुकसान त्यापुढे क्षुल्लक आहे. माणूस गिळू शकत नसेल किंवा शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे.

खामल्याच्या रहिवाशांना : मधुमेहाची औषधे न घेणाऱ्या निरोगी माणसाची साखर एका दिवसाच्या उपवासाने सहसा धोक्याच्या पातळीपर्यंत उतरत नाही, यकृत ती सांभाळते. तुमचे डोके पाणी कमी पिण्याने, चहा चुकल्याने किंवा अर्धशिशीच्या प्रवृत्तीने दुखत असण्याची शक्यता अधिक आहे. झोपताना खजूर देऊन बाबांच्या इन्सुलिनची जुळणी करू नये, कारण त्यांना फिरण्याच्या रात्री वेगळे आणि इतर रात्री वेगळे लागेल.

आणि रक्तदाबाबद्दल : नेहमीच्या वाढलेल्या रक्तदाबाने डोके दुखत नाही, ते दुखते तेव्हा तो फारच चढलेला असतो. तरी बाबांचा सकाळचा रक्तदाब मोजून ठेवा, त्यात काही जात नाही.

खामल्याचा रहिवासी (७ मार्च, दुपारी ३.००)

मी पुढच्या एकादशीला मोजून बघेन. खजुराने बरे मात्र वाटते.

पळसफूल (१० मार्च, सकाळी ८.४०)

प्रोप्रॅनोलॉल ज्यांनी दिली त्यांच्याशी सहा तारखेलाच बोलले. डोस कमी करत ती थांबवायची असे ठरले आहे. मोजणीचे आकडे असे आहेत.

पहिल्या रात्री बाबा फुटाळ्याला जाऊन आले होते. झोपताना १३२ होती. आईने गजर लावून पावणेतीनला उठवले, बाबा नीट जागेच होईनात, अंग गार आणि ओले होते, आणि मीटरवर ५४ आली. तीन चमचे साखर पाण्यातून दिली, १५ मिनिटांनी ८३ झाली, मग अर्धी पोळी दिली. सकाळी १२८ आणि डोके जड होतेच. दुसऱ्या रात्री फिरणे झाले नव्हते : झोपताना १४६, तीनला ९८, सकाळी ११८. घाम नव्हता, पण डोके थोडे दुखलेच. तिसऱ्या रात्री पुन्हा फिरणे झाले : झोपताना १२५, अडीचला ६१, आणि सकाळी चांगलेच डोके दुखले.

मधल्या रात्रीचे मला कळत नाही. साखर ९८ असताना डोके का दुखावे? आणि चहाने दरवेळी बरे वाटते, मग तो साखरेचाच पुरावा नाही का? बाबा चहात आता साखर घेत नाहीत, बिस्किटे मात्र दोन घेतात.

तिसरा प्रहर (१० मार्च, दुपारी २.१०)

५४ हा आकडा गंभीर आहे, आणि दोन्ही फिरण्याच्या रात्री साखर ७० च्या खाली गेली यावरून चित्र पुरेसे स्पष्ट आहे. ही वही घेऊन आज नाहीतर उद्या मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जा, पुढच्या भेटीची तारीख येण्याची वाट पाहू नका. तोवर संध्याकाळचे फिरणे थांबवावे. ६.४ या सरासरीवर आता खूश राहू नये, कारण खाली गेलेल्या रात्रीही त्याच सरासरीत मिसळलेल्या आहेत. या वयात आणि इन्सुलिनवर असताना ती थोडी वर ठेवण्याकडेच कल असतो. मूत्रपिंडाची तपासणी जुनी असेल तर तीही करून घ्या, कारण मूत्रपिंड मंदावले की तेच इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते.

आता चहा. चहाने डोके थांबले म्हणून साखर उतरली होती हे सिद्ध होत नाही, आणि या भ्रमात पुष्कळ लोक असतात. चहात कॅफिन आहे. संध्याकाळी पाचला शेवटचा चहा घेणाऱ्या माणसाला पहाटे पाचला बारा तास झालेले असतात, आणि कॅफिनची सवय असलेल्यांचे डोके साधारण त्याच सुमारास कुरकुरू लागते. चहाबरोबर बिस्किट जाते, पाणी जाते, माणूस उठून बसतो. यातील कशाने बरे वाटले हे एका कपातून कळत नाही. हे वेगळे करायचे असेल तर साखर चांगली आलेल्या सकाळी आधी फक्त पाणी प्यावे आणि चहा पाऊण तासाने घ्यावा. दुखणे पाण्यावर किंवा नुसत्या उठण्यानेच ओसरले तर चहाचा दोष नाही आणि श्रेयही नाही.

मधल्या रात्रीसाठी एक प्रश्न : बाबा घोरतात का, आणि घोरताना मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो का?

पंप आणि पेन (१० मार्च, दुपारी ३.३०)

मीटरबद्दल एक लहान गोष्ट. घरच्या मीटरला या पातळीवर १५ अंकांपर्यंतची चूक मान्य असते, त्यामुळे ६१ आणि ७० मध्ये फार फरक मानू नये. ५४ ला मात्र वाद नाही. सेन्सर लावायचा झाला तर तो बाबा ज्या कुशीवर झोपतात त्या दंडाला लावू नका. अंगाखाली दाबला गेला की तो साखर उतरल्याचा खोटा गजर देतो, आणि मग घरातले सगळे त्या गजराला सरावतात. रात्री तो ५८ म्हणाला तर साखर देण्यापूर्वी बोटातून एकदा बघावे. लक्षणे असतील तर न बघता द्यावी.

हिशेबनीस (१० मार्च, संध्याकाळी ५.२०)

१२५ वर झोपलेला माणूस अडीचला ६१ वर जातो, हे वहीत बघून मलाही विचार करावा लागला. मी आजवर झोपतानाचा आकडा चांगला असला की निर्धास्त झोपत आलो आहे. तरी माझ्या २४० बद्दल माझे मत मी राखून ठेवतो. पुढच्या वेळी बर्फीऐवजी साखरपाणी घेऊन सकाळचा आकडा इथे टाकेन, म्हणजे वाद मिटेल.

पळसफूल (२३ मार्च, रात्री ९.१५)

अकरा तारखेला मधुमेहाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वही बघून रात्रीचा डोस १६ वरून १३ वर आणला, पोटावर टोचण्याच्या जागा चाचपून पाहिल्या आणि बेंबीच्या डाव्या बाजूला कडक गाठ दाखवली. बाबा वर्षानुवर्षे तिथेच टोचत होते. त्या जागी इन्सुलिन कधी कमी तर कधी एकदम जास्त शोषले जाते, म्हणून आता तिथे टोचायचे नाही असे सांगितले. एकाच वेळी जागा बदलणार असल्याने डोस थोडा जास्तच उतरवला आहे, असे ते म्हणाले. फिरणे सकाळी नाश्त्यानंतर हलवले आहे. क्रिएटिनिन चांगले आले. प्रोप्रॅनोलॉल पूर्ण थांबली.

तेव्हापासून पहाटे तीनची साखर ९६ ते १३५ च्या दरम्यान आहे. घाम आणि बडबड बंद झाली, आणि डोके दुखण्याच्या सकाळी बऱ्याच कमी झाल्या. पण संपलेल्या नाहीत. परवा तीनला १२४ होती आणि तरीही डोके जड होते. पाण्यावर थांबून पाहिले. चहापूर्वीच ते बरेचसे ओसरले. घोरण्याबद्दल : आई म्हणते की घोरणे तर आहेच, आणि मध्ये श्वास थांबून मग ते दचकल्यासारखा श्वास घेतात. तिला वाटे, सगळेच म्हातारे असे घोरतात. डॉक्टरांनी आता झोपेची तपासणी करायला सांगितली आहे.

म्हणजे आधीची डोकेदुखी साखरेची होती की नव्हती?

तिसरा प्रहर (२३ मार्च, रात्री १०.४०)

बहुधा दोन्ही होत्या. घामाबरोबर येणारी आणि फिरण्याच्या रात्रीनंतर वाढणारी डोकेदुखी साखरेची, आणि साखर चांगली असतानाही उठल्याबरोबर असून चहाआधीच ओसरणारी कदाचित झोपेत श्वास अडखळण्याची. तपासणी होईपर्यंत दुसऱ्या भागाबद्दल मी कदाचितच म्हणेन, कारण प्रोप्रॅनोलॉल, डोस, टोचण्याची जागा आणि फिरण्याची वेळ हे सगळे एकाच पंधरवड्यात बदलले आहे आणि कोणत्या बदलाने किती फरक पडला हे आता सांगता येणार नाही. अर्धशिशीही शंभर टक्के बाद झालेली नाही. डोके अचानक कधी नव्हे इतके दुखले, बोलणे अडखळले, एक बाजू लुळी पडली किंवा तापाबरोबर मान ताठ झाली तर यातील काहीच लागू नाही; साखर बघत-बघतच रुग्णालयाकडे निघायचे.

झोपेच्या तपासणीच्या रात्री एक गोष्ट विसरू नका. तिथल्या माणसांना बाबा इन्सुलिनवर आहेत हे आधी सांगा, जेवण आणि इन्सुलिन रोजच्याच वेळी होऊ द्या, आणि पहाटे तीनची साखर तिथेही मोजा. नाहीतर सकाळी डोके दुखले, तर ते श्वासामुळे की साखरेमुळे हा प्रश्न पुन्हा तसाच राहील.

पळसफूल (२३ मार्च, रात्री १०.५५)

मीटर आणि साखरेची पुडी आईच्या पिशवीत आत्ताच ठेवली. तपासणी पुढच्या गुरुवारी आहे, अहवाल आला की इथेच लिहीन.

हिशेबनीस (२४ मार्च, सकाळी ६.५०)

कडक गाठीचे वाचून काल रात्री स्वतःचे पोट चाचपले. उजव्या बाजूला दोन आहेत. डॉक्टर, गाठ सोडून दुसरीकडे टोचायला सुरुवात केली की डोस आपोआप जास्त लागू पडतो का, आणि तसे असेल तर जागा बदलण्यापूर्वी माझ्या डॉक्टरांना कळवावे लागेल ना?

तिसरा प्रहर (२४ मार्च, सकाळी ८.१५)

हो. आधी कळवा, मग जागा बदला, आणि पहिले काही दिवस पहाटे तीनला उठा.